तीन घरं, त्यातलं भाड्याने एकही नाही : नोशनल भाडं नेमकं कोणत्या घरावर?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र भरायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

मी पुण्यात नोकरी करतो. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट आहे, आम्ही तिथेच राहतो आणि त्याचं कर्ज फिटलेलं आहे. दुसरा फ्लॅट नाशिकला. तो माझ्या एकट्याच्या नावावर आहे, आणि वडील गेल्यापासून आई तिथे राहते. भाडं वगैरे अर्थातच घेत नाही. या फ्लॅटचं कर्ज चालू आहे आणि बँकेच्या दाखल्याप्रमाणे वर्षाचं व्याज २,६०,००० रुपये होतं.

माझ्या मामेसासऱ्यांचं म्हणणं असं की एक घर राहतं म्हणून करातून वगळतात, पण दुसऱ्या घरावर भाडं येत नसलं तरी 'आलं असतं तर किती' असं नोशनल भाडं धरून कर भरावा लागतो. नाशिकच्या भागात तसा फ्लॅट १४,००० रुपयांना जातो. म्हणजे जे १,६८,००० रुपये माझ्या हातात कधी आलेच नाहीत, त्यावर कर भरायचा का? आणि भरायचा असेल तर व्याजाचं काय होतं?

---

मुळशीकाका

सागर, तुझे मामेसासरे बरोबर सांगतायत. आयुष्य बँकेत गेलं माझं. एक घर सेल्फ ऑक्युपाइड म्हणजे राहतं, बाकीची डीम्ड लेट आउट म्हणजे भाड्याने दिली असं मानलेली. मी स्वतः तळेगावच्या बंगल्यावर कित्येक वर्षं असा कर भरलेला आहे. बंगला बंद, वर्षातून चार वेळा जायचो, तरी भाडं धरावं लागायचं.

पण त्यात एक फायदाही होता. डीम्ड लेट आउट दाखवलं की व्याज पूर्ण वजा मिळतं, दोन लाखांची मर्यादा त्याला लागत नाही. तेव्हा नाशिकचं घर बिनधास्त तसं दाखव, कागदावर तुझा तोटाच निघेल आणि कर कमी होईल.

---

वैदेही_जमाखर्च

काका, तुम्ही सांगताय तो नियम खरा होता, पण आर्थिक वर्ष २०१८-१९ पर्यंत. १ फेब्रुवारी २०१९ ला पीयूष गोयल यांनी जो अंतरिम अर्थसंकल्प मांडला, त्यात एकाऐवजी दोन घरं शून्य मूल्याची धरायला परवानगी मिळाली. आर्थिक वर्ष २०१९-२० पासून तसंच चालू आहे. त्यामुळे सागर, कोथरूड आणि नाशिक एवढी दोनच घरं असतील तर नोशनल भाड्याचा प्रश्नच येत नाही. दोन्हींचं वार्षिक मूल्य शून्य.

आई राहते, तुम्ही राहत नाही, याचीही आता अडचण नाही. पूर्वी अट अशी होती की नोकरीधंद्यामुळे दुसऱ्या गावी राहावं लागतं म्हणून तुम्ही त्या घरात राहू शकत नाही, आणि दुसऱ्या गावी स्वतःच्या नसलेल्या घरात राहता. तुम्ही तर कोथरूडला स्वतःच्याच घरात राहता. त्यामुळे आई राहत असलेल्या घराबद्दल वाद घालायला जागा होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते सगळं काढून टाकलं. आता मालक स्वतः राहत असेल, किंवा कोणत्याही कारणाने राहू शकत नसेल, तरी चालतं. घर कुलूपबंद असलं तरी चालतं. मात्र वर्षातला काही काळ ते भाड्याने दिलेलं नसावं आणि त्यातून दुसरा काही लाभ घेतलेला नसावा, हे कायम आहे.

काकांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण हा सल्ला आजही बरेच जण देतात. 'दुसरं घर डीम्ड लेट आउट दाखवा आणि पूर्ण व्याज घ्या' हे दोन घरांच्या मालकाला आता करता येत नाही. आयकर कायद्याच्या कलम २३(४) मधला, कोणती घरं राहती धरायची या निवडीचा हक्क स्वतःच्या वापराची घरं दोनपेक्षा जास्त असतील तेव्हाच मिळतो. दोनच असतील तर दोन्ही आपोआप शून्यात जातात, त्यात तुमच्या मर्जीला वाव नाही. मग नाशिकच्या २,६०,००० व्याजापैकी जुन्या करप्रणालीत २,००,००० वजा मिळतील, आणि ही मर्यादा दोन्ही घरं मिळून आहे, प्रत्येक घराला वेगळी नाही. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, त्यामुळे तिथे काहीच मिळणार नाही.

एक विचारते. तुमच्या नावावर आणखी काही आहे का? गावचं घर, वाटणीतली खोली, असं काही? लोक ते घर म्हणून मोजतच नाहीत.

---

सागरगोटा

ताई, खूप आभार. जीव भांड्यात पडला होता, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाने पुन्हा विचारात पडलो.

गुहागर तालुक्यात आमचं गावचं घर आहे. आजोबांनी बांधलेलं, पुढे वडिलांकडे आलं. ते गेल्यावर मी आणि भाऊ. गणपतीत आणि मे महिन्यात जातो, एरवी बंद असतं. त्यालाही घर म्हणून धरायचं? तिथे भाड्याने राहायला कोण येणार?

---

केतकी_डों

माझंही जवळपास असंच आहे म्हणून इथेच विचारते. माझीही तीन घरं आहेत. डोंबिवलीला मी राहते, त्याचं कर्ज आहे, व्याज वर्षाला १,८०,०००. सातारचं घर आईकडून आलेलं, बंद असतं. आणि ठाण्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय, महिना ३०,०००. मी नव्या प्रणालीत आहे. वरचं वाचून असं वाटलं की तीन घरं असतील तर निवड करता येते. मग मी डोंबिवली डीम्ड लेट आउट दाखवून त्याचा तोटा ठाण्याच्या भाड्यातून वजा केला तर? एकाच शीर्षाखालचा तोटा आहे, तो नव्या प्रणालीतही वळवता येतो असं ऐकलंय.

---

रानवाटा

सागरदादा, कोकणातलं घर शेतीशी जोडलेलं असेल तर ते मोजायचंच नाही. फार्म हाउसचं उत्पन्न शेतीचं उत्पन्न मानतात, करमुक्त. आमच्याकडे गावात सगळे हेच करतात.

आणि घरपट्टीचा उतारा कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल तर तुम्ही मालक कसे? नाव चढेपर्यंत सोडून द्या.

---

वैदेही_जमाखर्च

एकेक घेते.

केतकी, तुमचं ऐकलेलं बरोबर आहे. एका घराचा तोटा दुसऱ्या घराच्या उत्पन्नातून नव्या प्रणालीतही वजा होतो. पण तुमच्या बाबतीत तोटाच तयार होत नाही. तीन घरं मोजताना भाड्याने दिलेलं ठाण्याचं घर या गणतीत येत नाही. स्वतःसाठी ठेवलेली घरं उरतात दोन, डोंबिवली आणि सातारा, आणि ती दोन्ही शून्यात जातात. निवड नाहीच. नव्या प्रणालीत डोंबिवलीचं व्याज वाया जातं. ठाण्याचे ३,६०,००० भाडं, त्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर, समजा १०,०००, वजा. उरलेल्या ३,५०,००० वर सरसकट ३० टक्के म्हणजे १,०५,००० वजा. २,४५,००० उत्पन्न, सगळं करपात्र. जुन्या प्रणालीत त्यातून डोंबिवलीचे १,८०,००० वजा होऊन ६५,००० उरतील. त्यामुळे तुमच्यासाठी कोणती प्रणाली हा हिशेब महत्त्वाचा आहे, घराची निवड नाही. बाकीच्या वजावटी आणि पगार धरून दोन्ही बाजूंनी करून बघा.

रानवाटा, नुसतं गावात असणं पुरत नाही. शेतजमिनीवर किंवा अगदी तिच्या लगत असलेली इमारत हवी, आणि शेती करणाऱ्याला त्या शेतीमुळे राहायला किंवा साठवणीला तिची गरज पडत असावी. सागर, तुमची जमीन तुम्ही कसता का? वाडीतल्या घरात वर्षातून दोनदा जाऊन राहणं यात बसेल असं मला वाटत नाही.

उताऱ्यावरचं नाव ही आणखी एक सोयीस्कर समजूत आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आजोबांचं नाव राहिलं म्हणून वारसांची मालकी थांबत नाही. माणूस गेला की वारसा सुरू होतो, नोंद नंतर होते. पण हिस्सा किती ते बघावं लागतं. सागर, वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर आईसुद्धा तुमच्या दोघांच्या बरोबरीने वारस आहे, म्हणजे अर्धा अर्धा नाही, तिसरा तिसरा.

---

सागरगोटा

मृत्युपत्र नव्हतं. पण आईने आम्हा दोघांच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून दिलंय. उताऱ्यावर आता माझं आणि भावाचं नाव आहे. बहीण नाही. जमीन थोडी आहे, ती शेजारचे काका बघतात, आम्ही काही पिकवत नाही.

म्हणजे माझी घरं तीन झाली म्हणायची. मग यातलं कोणतं सोडायचं, म्हणजे डीम्ड लेट आउट दाखवायचं? मी अंदाज केला की गावचं घर सोडावं. त्याचं भाडं नगण्य आहे, कर जवळजवळ काहीच पडणार नाही.

---

मुळशीकाका

मला आता नियम बदलल्याचं कळलं. वैदेही, माहितीबद्दल आभार. पण सागर, एवढी आकडेमोड कशाला? गावच्या घराचा तुझा अर्धा हिस्सा बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून टाक. तुझी घरं दोनच राहतील.

---

वैदेही_जमाखर्च

काका, हे चालणार नाही. पुरेसा मोबदला न घेता पत्नीला घर दिलं तर कलम २७ प्रमाणे कराच्या दृष्टीने मालक नवराच राहतो. कागदावर नाव बदलेल, नोंदणीचा खर्च होईल आणि घरांची संख्या तीनच राहील. सज्ञान मुलाला किंवा भावाला दिलं तर हा नियम लागत नाही, पण कर वाचवायला वडिलोपार्जित घरातला हक्क सोडायचा का, हा वेगळा प्रश्न आहे. मी तरी सोडणार नाही.

सागर, तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. 'ज्याचं भाडं कमी ते डीम्ड लेट आउट' हा कर्ज नसताना योग्य नियम आहे. कर्ज असेल तर व्याजाकडे बघावं लागतं. तुमचेच आकडे घेऊ. गावच्या घराला पूर्ण भाडं किती येईल? महिना ३,००० धरते. घरपट्टी किती?

---

सागरगोटा

३,००० म्हणजे खूप झालं, पण चालेल. घरपट्टी दोघांत मिळून १,२०० रुपये, अर्धी मी भावाला पाठवतो. नाशिकची घरपट्टी ६,००० च्या आसपास.

---

वैदेही_जमाखर्च

छान. कोथरूडचं भाडं सगळ्यात जास्त आणि कर्ज शून्य, त्यामुळे ते दोन्ही पर्यायांत राहतं घर म्हणूनच ठेवायचं. प्रश्न नाशिक की गाव एवढाच आहे.

पहिला पर्याय, गावचं घर डीम्ड लेट आउट. वर्षाचं भाडं ३६,०००, तुमचा हिस्सा १८,०००. तुमची घरपट्टी ६०० वजा, उरले १७,४००. त्यावर ३० टक्के, म्हणजे ५,२२० वजा. उत्पन्न १२,१८०. नाशिक शून्यात, पण जुन्या प्रणालीत त्याचं व्याज २,००,००० पर्यंत मिळतं. दोन्ही मिळून १,८७,८२० चा तोटा, तो पगारातून वजा होईल. नव्या प्रणालीत नाशिकचं व्याज मिळत नाही, त्यामुळे १२,१८० हे उत्पन्न तसंच राहतं.

दुसरा पर्याय, नाशिक डीम्ड लेट आउट आणि गाव शून्यात. १,६८,००० मधून घरपट्टी ६,००० गेली, १,६२,००० राहिले. ३० टक्के म्हणजे ४८,६०० गेले, १,१३,४०० राहिले. आता पूर्ण २,६०,००० व्याज वजा होतं, कारण डीम्ड लेट आउट घराला दोन लाखांची मर्यादा नाही. तोटा १,४६,६००. जुन्या प्रणालीत तो पगारातून वजा होईल. नव्या प्रणालीत पगारातून वजा होणार नाही, पण घराखालचं करपात्र उत्पन्नही काही राहत नाही.

म्हणजे जुन्या प्रणालीत गावचं घर सोडणं ४१,२२० रुपयांनी फायद्याचं. नव्या प्रणालीत उलट, नाशिक सोडलं तर १२,१८० उत्पन्नावरचा कर वाचतो. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह साधारण २,५०० रुपये. रक्कम छोटी आहे, पण उत्तर प्रणालीप्रमाणे फिरतं हे लक्षात घ्या.

व्याजाच्या रकमेनेही ते फिरतं. व्याज ३,०१,२२० च्या वर गेलं तर जुन्या प्रणालीतसुद्धा नाशिक सोडणं जास्त तोटा दाखवतं. समजा व्याज ४,००,००० असतं, तर दुसऱ्या पर्यायात तोटा २,८६,६००. त्यातले २,००,००० यंदा पगारातून वजा, कारण एका वर्षात तेवढीच मुभा आहे. बाकीचे ८६,६०० पुढे ओढता येतात, आठ वर्षं, फक्त घराच्या उत्पन्नातून वजा करायला. पण पुढच्या आठ वर्षांत घराचं उत्पन्न होणारच नसेल, तर ते कागदावरच राहतील.

ही निवड दर वर्षी नव्याने करता येते. यंदा गाव, पुढच्या वर्षी नाशिक, असं केलं तरी चालतं.

---

गौरीतनय

उत्तम धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा. महाबळेश्वरला आमचा छोटा फ्लॅट आहे. गेल्या वर्षी चार महिने एका ओळखीच्या कुटुंबाला महिना २०,००० ने दिला, बाकी आठ महिने आम्हीच वापरला. मी चार महिन्यांचे ८०,००० भाडं दाखवणार होतो. बाकी आठ महिने राहतं घर म्हणून शून्य. बरोबर ना?

---

निवृत्त_लेखापाल

गौरीतनय, असं तुकडे पाडून होत नाही. वर्षातला एक महिनासुद्धा भाड्याने दिलं की त्या वर्षी ते घर राहतं घर राहत नाही. मग पूर्ण वर्षाचं वाजवी भाडं आणि प्रत्यक्ष मिळालेलं भाडं यांत जे जास्त ते धरायचं. तुमच्या फ्लॅटचं वर्षभराचं भाडं समजा १,८०,००० येत असेल, तर ८०,००० नाही, १,८०,००० धरावे लागतील. घर रिकामं राहिल्यामुळे भाडं कमी आलं असतं तर ८०,००० चालले असते. पण तुमचं रिकामं नव्हतं, तुम्ही वापरत होतात. तेव्हा ती सवलत नाही.

आठ महिने स्वतः वापरून बारा महिन्यांचं भाडं धरावं लागणं मला अन्यायाचं वाटतं. पण विवरणपत्र भरताना कायदा जसा आहे तसाच वापरावा लागतो. सुट्टीच्या काळात पर्यटकांना रोजच्या भाड्याने, साफसफाई, नाश्ता अशा सोयींसह देत असाल तर ते धंद्याचं उत्पन्न ठरू शकतं, मग सगळाच हिशेब वेगळा.

---

रानवाटा

मला एक समजत नाही. हे 'वाजवी भाडं' ठरवतं कोण? सागरदादांनी गावचे ३,००० म्हटले, मी ५०० म्हणेन. उद्या अधिकाऱ्याने विचारलं तर?

---

वैदेही_जमाखर्च

महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि इथेच जास्त चुका होतात.

दोन आकडे बघायचे. एक, पालिकेने त्या घराचं ठरवलेलं वार्षिक भाडेमूल्य. पुण्यासारख्या ठिकाणी बिलावर ते दिसतं. दुसरा, तशाच घराला त्या भागात प्रत्यक्ष मिळणारं भाडं. यांतला मोठा आकडा घ्यायचा. भाडे नियंत्रण कायद्याखाली प्रमाणित भाडं ठरलेलं असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. मुंबईत मात्र २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आहे, त्यामुळे तिथल्या बिलातून भाडेमूल्य मिळत नाही. तिथे बाजाराचा भावच बघावा लागतो.

बरेच जण पालिकेचा आकडा घेऊन थांबतात, कारण तो खूपच कमी असतो. त्याला आधार अगदीच नाही असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये टिप टॉप टायपोग्राफीच्या प्रकरणात पालिकेचं मूल्यांकन हा योग्य मापदंड मानला. पण त्याच निकालात हेही आहे की भाडं कमी दाखवल्याचा ठोस पुरावा अधिकाऱ्याच्या हाती असेल तर तो पुढे जाऊ शकतो. तुमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर १४,००० चा नोंदणीकृत करार असेल, तर तुम्ही ४,००० दाखवणं धोक्याचं.

सागर, नाशिकला सोसायटीतल्या दोनतीन भाडेकऱ्यांचे आकडे विचारा आणि लिहून ठेवा. गावच्या घराला वाडीत खरंच कुणी भाड्याने राहत नसेल तर शाळेच्या शिक्षकांनी, आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने खोली घेतली असेल, त्याचं भाडं बघा. तो आकडा ३,००० पेक्षा कमी निघाला तर तोच घ्या.

---

सागरगोटा

हे खूपच उपयोगी आहे. आरोग्य केंद्रातल्या एक ताई जवळच खोली घेऊन राहतात, विचारतो.

एक राहिलं. नाशिकची घरपट्टी आईच भरते, तिच्या पेन्शनच्या खात्यातून. ती मला भरू देत नाही. मग ते ६,००० मी वजा करू शकतो का?

---

वैदेही_जमाखर्च

नाही. मालकाने स्वतः, त्याच वर्षात भरलेला करच वजा होतो. आईने भरला तर तो तुमचा खर्च नाही. मग नाशिकचा हिशेब असा होईल : १,६८,००० मधून ३० टक्के गेले, १,१७,६०० राहिले, व्याज वजा करून तोटा १,४२,४००. कोणता पर्याय घ्यायचा त्यात फरक पडत नाही. पुढच्या वर्षी त्यांना पटलं तर तुमच्या खात्यातून भरा. तेसुद्धा वर्ष संपायच्या आत. मार्चचं बिल एप्रिलमध्ये भरलं तर वजावट पुढच्या वर्षात जाते.

फॉर्म आयटीआर-२ भरा, तीन घरं असताना आयटीआर-१ म्हणजे सहजमध्ये बसणार नाही. प्रत्येक घराची वेगळी नोंद करून प्रकार निवडायचा असतो. गावच्या घराला सहमालकाचं नाव, पॅन आणि टक्केवारी विचारली जाते. भावाचा पॅन हाताशी ठेवा. आणि भावालाही सांगा, त्याच्या घरांची गणती त्याची स्वतंत्र आहे. त्याच्या नावावर दोनच घरं असतील तर त्याच्या बाजूने गावचं घर शून्यातच जाईल.

---

निवृत्त_लेखापाल

वैदेहीताई, तुमचा हिशेब मला मान्य आहे. फक्त एका ठिकाणी थांबतो. सागर नव्या प्रणालीत गेले आणि त्यांनी नाशिक डीम्ड लेट आउट दाखवलं, तर तो १,४२,४०० चा तोटा पुढच्या वर्षी ओढता येईल का? माझ्या वाचनाप्रमाणे नाही. कलम ११५ बीएसी म्हणतं की नव्या प्रणालीत घराचा तोटा दुसऱ्या शीर्षातून वजा करायचा नाही, आणि पुढच्याच पोटकलमात म्हणतं की असा तोटा पूर्ण वापरला गेला असं मानायचं. म्हणजे तो तिथेच संपला.

---

वैदेही_जमाखर्च

मी वेगळं वाचते. ते पोटकलम मला पूर्वीच्या वर्षांतून वजावटींमुळे ओढून आणलेल्या तोट्यासाठी आहे असं वाटतं. डीम्ड लेट आउट घराचं व्याज ही नव्या प्रणालीत नाकारलेली वजावटच नाही, नाकारलंय ते राहत्या घराचं व्याज. मग तिचा तोटा कायमचा बुडावा असं कायद्याला अभिप्रेत असेल का? यावर व्यावसायिकांत दोन मतं आहेत हे मात्र खरं. सागर, तोटा विवरणपत्रात दाखवा आणि मुदतीच्या आत भरा. त्याच्या भरवशावर पुढचं नियोजन करू नका.

---

केतकी_डों

वैदेहीताई, आकडे घालून बघितले. जुन्या प्रणालीत डोंबिवलीच्या व्याजाने ठाण्याचं भाडं बरंच खाली येतं, पण माझ्याकडे ८०सी सोडून फार काही नाही, त्यामुळे एकूण कर नव्या प्रणालीतच कमी येतोय. आता विचार करतेय की ठाण्याचा भाडेकरू ऑगस्टमध्ये सोडतोय. नंतर घर रिकामं ठेवलं आणि पुढचं पूर्ण वर्ष भाड्याने दिलंच नाही, तर तीनही घरं माझ्या वापराची होतील ना? मग डोंबिवलीची निवड करता येईल?

---

वैदेही_जमाखर्च

यंदा नाही, कारण यंदा काही महिने भाडं आलंय. पुढच्या वर्षी पूर्ण वर्ष दिलं नाही आणि स्वतःसाठी ठेवलंत तर घरं तीन होतील आणि निवड मिळेल. पण भाडेकरू शोधत राहिलात आणि मिळाला नाही म्हणून रिकामं राहिलं, तर त्याचा विचार कोणत्या नियमाने करायचा यावर न्यायाधिकरणांचे निकाल सारखे नाहीत. आणि ३,६०,००० चं भाडं सोडून १,८०,००० च्या व्याजाची वजावट मिळवायची, हा हिशेब मला पटत नाही. भाडेकरू ठेवा.

---

मुळशीकाका

वैदेही, माझ्या तळेगावच्या बंगल्याचं आता काय? पुण्यातला फ्लॅट आणि तो बंगला, दोनच. २०१९-२० नंतरही माझा सल्लागार त्यावर भाडं धरत आलाय असं आत्ता जुनी विवरणपत्रं काढून बघताना दिसतंय. कर्ज नाही, त्यामुळे सगळं उत्पन्नच दाखवलंय. परत मिळेल का काही?

---

वैदेही_जमाखर्च

काका, कोणकोणत्या वर्षांचं आहे ते आधी बघा. सुधारित विवरणपत्राची मुदत जुन्या वर्षांची केव्हाच गेली. उशिरा भरायच्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद. कलम २६४ खाली आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो, पण ज्या आदेशाविरुद्ध अर्ज करायचा तो मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत. त्याहून उशीर झाला तर तो माफ करायचा की नाही हे आयुक्त ठरवतात. सगळ्यात अलीकडच्या वर्षाची कलम १४३(१) ची सूचना शोधा आणि तिची तारीख इथे सांगा, मग बोलू.